निष्कर्ष की दुसऱ्यांदा लिहिलेला सारांश? – प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणाची एक चिकित्सा

शेवटच्या वर्षाच्या कामाला कुठे प्रोजेक्ट रिपोर्ट म्हणतात, कुठे थिसिस. नाव काहीही असो, त्याचं शेवटचं प्रकरण बहुतेक वेळा सबमिशनच्या आदल्या रात्री लिहिलं जातं. तोवर विद्यार्थी दमलेला असतो आणि बाइंडिंगवाला थांबलेला असतो. मग सोपा मार्ग निघतो. सुरुवातीचा सारांश उघडायचा, त्यातलं ‘करण्यात येईल’ बदलून ‘करण्यात आले’ करायचं आणि त्यावर ‘निष्कर्ष’ असं शीर्षक द्यायचं. मीही माझ्या एम.टेक.च्या प्रबंधात हेच केलं होतं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तो चाळला, मिटला आणि विचारलं, “हे सगळं मी पहिल्या पानावर वाचलं. शेवटच्या पानावर काय आहे?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. काम झालं होतं, पण त्यातून काय हाती लागलं हे मी स्वतःलाच विचारलं नव्हतं.

या टिपणात आपण असाच एक निष्कर्ष घेऊन त्याची वाक्यं तपासू आणि मग तो नव्याने लिहू. उदाहरण सिव्हिलचं आहे: सिमेंटचा काही भाग काढून त्याजागी फ्लाय अ‍ॅश, म्हणजे औष्णिक वीज केंद्रातली बारीक राख, घातलेलं काँक्रीट. हा विषय देशभर इतक्या वेळा होतो की तुमच्या ग्रंथालयातही त्याचे दोन-चार अहवाल सापडतील. खालचा मजकूर आणि आकडे मी उदाहरणासाठी रचले आहेत, ते कुणा एका विद्यार्थ्याचे नाहीत. पण त्यातल्या चुका मी दरवर्षी वाचतो. शाखा वेगळी असलेल्यांनीही वाचावं, लागणाऱ्या चार-पाच गोष्टी ओघात सांगतो आहे.

आधी मूळ निष्कर्ष:

“या प्रकल्पात सिमेंटच्या जागी काही प्रमाणात फ्लाय अ‍ॅश वापरून एम२५ काँक्रीटचा अभ्यास करण्यात आला. प्रथम साहित्याच्या चाचण्या घेण्यात आल्या. त्यानंतर आयएस १०२६२ नुसार मिश्रण ठरवून ०, १०, २०, ३० व ४० टक्के फ्लाय अ‍ॅश घालण्यात आली. ७ व २८ दिवसांनी क्यूबची चाचणी घेण्यात आली. १० टक्के फ्लाय अ‍ॅशला सर्वाधिक ३४.१ एमपीए दाबसामर्थ्य मिळाले. म्हणून १० टक्के हे सर्वोत्तम प्रमाण आहे. ३० टक्क्यांपर्यंत एम२५ ची ताकद मिळते. फ्लाय अ‍ॅश काँक्रीट स्वस्त, टिकाऊ व पर्यावरणपूरक आहे. वेळेअभावी अधिक चाचण्या घेता आल्या नाहीत. भविष्यात इतर ग्रेड व इतर साहित्य वापरून अभ्यास करता येईल.”

पहिली चार वाक्यं काढून टाका आणि काही हरवतं का बघा. काहीच हरवत नाही. काय केलं हे वाचकाला तिसऱ्या प्रकरणात सविस्तर आणि सारांशात थोडक्यात कळलेलं आहे. ही वाक्यं चूक नाहीत, फक्त ती जागा अडवतात. खरी अडचण पुढच्या तीन वाक्यांत आहे. ती निष्कर्षासारखी दिसतात, पण अहवालातल्या तक्त्यासमोर धरली की टिकत नाहीत. तो तक्ता असा (२८ दिवसांचं सरासरी दाबसामर्थ्य आणि ओल्या काँक्रीटचा स्लम्प):

| फ्लाय अ‍ॅश | दाबसामर्थ्य, एमपीए | स्लम्प, मिमी |
|---|---|---|
| ०% | ३३.२ | ५५ |
| १०% | ३४.१ | ६५ |
| २०% | ३२.६ | ८० |
| ३०% | २८.९ | ९५ |
| ४०% | २४.७ | १०५ |

‘१० टक्के सर्वोत्तम’ हे वाक्य घ्या. ३४.१ हा तक्त्यातला मोठा आकडा आहे, हे खरं. पण प्रत्येक सरासरी तीन क्यूबची आहे आणि ते तीन क्यूब परिशिष्टात आहेत. राख नसलेल्या मिश्रणाचे क्यूब ३१.४, ३३.० आणि ३५.२ ला फुटले, दहा टक्क्यांचे ३२.०, ३४.६ आणि ३५.७ ला. एकाच मिश्रणातले, एकाच दिवशी भरलेले क्यूब आपसात जवळजवळ चार एमपीएने वेगळे आहेत आणि आपण दोन सरासऱ्यांमधल्या ०.९ एमपीएवर ‘वाढ झाली’ म्हणतो आहोत. क्यूब खराब होते असंही नाही. आयएस ४५६ प्रमाणे तिन्ही क्यूब सरासरीच्या १५ टक्क्यांच्या आत हवेत, आणि ते आहेत. काँक्रीटमध्ये एवढा फरक असतोच. पण म्हणूनच ०, १० आणि २० टक्के या तीन मिश्रणांत कोण वरचढ आहे हे या आकड्यांवरून सांगता येत नाही. तक्त्यातला सर्वांत मोठा आकडा शोधणं म्हणजे निष्कर्ष काढणं नव्हे.

दुसरं वाक्य जास्त घातक आहे, कारण त्यावर कुणी विश्वास ठेवला तर तो कमी ताकदीचं काँक्रीट ओतेल. ‘३० टक्क्यांपर्यंत एम२५ ची ताकद मिळते.’ विद्यार्थ्याने २८.९ हा आकडा २५ शी ताडून पाहिला आणि जास्त आहे म्हणून पास केलं. पण एम२५ मधला २५ ही सरासरी नाही. ज्याच्या खाली पाच टक्क्यांहून जास्त चाचण्यांचे निकाल जाणं अपेक्षित नाही, तो हा आकडा आहे. साइटवरची चढउतार धरता प्रयोगशाळेतल्या मिश्रणाची सरासरी त्यापेक्षा बरीच वर असावी लागते. आयएस १०२६२ मध्ये ती काढायचं सूत्र आहे आणि एम२५ साठी सुरुवातीला प्रमाण विचलन ४ एमपीए धरतात:

```
लक्ष्य सरासरी = २५ + १.६५ × ४ = ३१.६ एमपीए
```

हेच गणित याच अहवालाच्या तिसऱ्या प्रकरणात मिश्रण ठरवताना केलेलं आहे! पाचव्या प्रकरणात येईपर्यंत ते विसरलं गेलं. ३१.६ ची रेघ तक्त्यावर मारली की चित्र स्वच्छ होतं. ०, १० आणि २० टक्के रेघेच्या वर आहेत, ३० आणि ४० खाली. शिवाय ४० टक्क्यांची सरासरी तर २५ च्याही खाली आहे.

तिसरं वाक्य: ‘स्वस्त, टिकाऊ व पर्यावरणपूरक’. या अहवालात टिकाऊपणाची एकही चाचणी नाही. क्लोराइड आत शिरण्याची नाही, कार्बोनेशनची नाही, पाणी शोषण्याची नाही. हे वाक्य प्रस्तावनेतून आलं आहे. तिथे ते दुसऱ्यांच्या कामाचा आधार देऊन लिहिलं होतं, इथे ते स्वतःचं होऊन बसलं. आणि टिकाऊपणा ही एकच गोष्टही नाही. फ्लाय अ‍ॅशमुळे काँक्रीटमधली छिद्रं बारीक होतात आणि क्लोराइडला अडथळा होतो, पण राख सिमेंटमधलं कॅल्शियम हायड्रॉक्साइड वापरते, त्यामुळे प्रमाण वाढवलं तर कार्बोनेशन लवकर आत सरकू शकतं. न मोजलेल्या गोष्टीचं एका शब्दात कौतुक केलं की व्हायवात पहिला प्रश्न तिथेच येतो, आणि यायलाच हवा.

आता लिहायला बसू. योगदान, मर्यादा आणि पुढील काम अशी तीन शीर्षकं मी विद्यार्थ्यांना देतो, तेव्हा ते तीन वेगवेगळे कप्पे समजून भरतात. योगदानात मोठमोठे दावे, मर्यादेत माफी आणि पुढील कामात जे सुचेल ते. प्रत्यक्षात या तिन्ही गोष्टी एकाच धाग्यावर असतात. तुमचा दावा जिथवर खरा आहे ती रेघ म्हणजे मर्यादा, आणि ती रेघ ओलांडायला काय मोजावं लागेल ते पुढील काम. म्हणून क्रमही तोच ठेवावा.

योगदान शोधताना पहिली शंका येते ती अशी: “सर, फ्लाय अ‍ॅशवर हजारोंनी काम केलंय, आमचं काय योगदान?” शंका रास्त आहे. राख घातल्याने काय होतं हे तुम्ही शोधलेलं नाही, आणि तसा आवही आणू नये. पण पदवीच्या प्रबंधाकडून ती अपेक्षाही नसते. एका विशिष्ट केंद्राची राख, तुमच्या भागात मिळणारी क्रश सँड, ठरावीक पाणी, या जोडीने काय घडलं हे तुमच्याआधी कदाचित कुणी मोजलेलं नसेल. ते जवळच्या आरएमसी प्लँटला किंवा पुढच्या वर्षीच्या ग्रुपला उपयोगी आहे. योगदान छोटं असलं तरी चालतं. मात्र ते आकड्यासह आणि अटींसह लिहिलेलं हवं.

आणि पुष्कळदा चांगलं योगदान नजरेतून निसटलेलं असतं. मूळ निष्कर्षात स्लम्पचा उल्लेखही नाही. वरच्या तक्त्याचा शेवटचा स्तंभ पुन्हा बघा. पाणी तेवढंच ठेवून २० टक्के राख घातली तर स्लम्प ५५ वरून ८० मिमी झाला. राखेचे कण गोल असतात, त्यामुळे मिश्रण सरकायला सोपं जातं, हे कारण पुस्तकात आहेच. पण कोनेदार क्रश सँडमुळे काँक्रीट ‘ताठ’ राहतं ही साइटवरची रोजची तक्रार आहे, आणि त्या वाळूसोबत हा फरक मोजलेला असणं ही कामाची गोष्ट आहे. विद्यार्थ्याने ती मोजली, तक्त्यात लिहिली आणि ‘ताकद हाच विषय’ म्हणून सोडून दिली.

मग योगदानाचा परिच्छेद असा होईल:

“घन मीटरला ४०० किलो सिमेंटयुक्त साहित्य, ०.४५ पाणी-बांधणी गुणोत्तर आणि क्रश सँड असलेल्या एम२५ मिश्रणात २० टक्के फ्लाय अ‍ॅश घातली असता २८ दिवसांचे सरासरी दाबसामर्थ्य ३२.६ एमपीए आले, ते ३१.६ या लक्ष्य सरासरीच्या वर आहे. यात घन मीटरमागे ८० किलो सिमेंट वाचते. ०, १० व २० टक्के मिश्रणांतील फरक क्यूबमधील नेहमीच्या चढउतारापेक्षा लहान असल्याने त्यांत क्रम लावलेला नाही. ३० टक्क्यांना सरासरी २८.९ पर्यंत उतरली; त्यामुळे याच पाण्यात व २८ दिवसांच्या निकषावर ३० टक्के मिश्रण एम२५ साठी सुचवता येत नाही. पाणी तेवढेच असताना २० टक्क्यांना स्लम्प ५५ वरून ८० मिमी झाला.”

या मजकुरात ‘अभ्यास करण्यात आला’ कुठेच नाही. ‘सुचवता येत नाही’ हे वाक्यही योगदानातच आहे, ते लपवायचं काही कारण नाही. ‘स्वस्त’ ऐवजी ८० किलो आले. राखेचा आणि वाहतुकीचा दर अहवालात नाही, म्हणून रुपयांत काही म्हटलेलं नाही.

मर्यादा लिहिताना ‘वेळेअभावी’ हा शब्द आला की मी तांबडी शाई काढतो. वेळ कमी होता ही तुमची अडचण झाली. वाचकाला हवं असतं ते एवढंच की त्यामुळे कोणता निष्कर्ष किती आणि कोणत्या दिशेला कच्चा राहिला. या अहवालात शेवटची चाचणी २८ दिवसांची आहे. सिमेंट पाण्याशी लगेच भिडतं. राखेला मात्र आधी सिमेंटमधून सुटणारं कॅल्शियम हायड्रॉक्साइड हवं असतं, त्यामुळे तिची क्रिया सावकाश, आठवडे-महिने चालते. म्हणजे २८ दिवसांचा निकष राख जास्त असलेल्या मिश्रणाला प्रतिकूल ठरतो. याची खूण अहवालातच आहे. ७ ते २८ दिवसांत राख नसलेलं मिश्रण २३.० वरून ३३.२ वर गेलं, म्हणजे १०.२ ने वाढलं. ३० टक्क्यांचं १६.२ वरून २८.९ वर गेलं, म्हणजे १२.७ ने. मागे होतं, पण वेग जास्त होता. पुढे ते ३१.६ ओलांडेल का? शक्य आहे. पण मोजलेलं नाही, म्हणून ‘ओलांडेल’ असं लिहिता येत नाही.

दुसरी मर्यादा बहुतेकांच्या लक्षातच येत नाही, कारण ती प्रयोगाच्या रचनेत दडलेली आहे. पाणी सगळ्या मिश्रणांना सारखं ठेवलं होतं. वरवर हे न्याय्य वाटतं. पण स्लम्प वाढला याचा अर्थ राखेच्या मिश्रणाला एवढं पाणी लागतच नव्हतं. साइटवर लोक स्लम्प ठरवतात आणि पाणी त्याप्रमाणे ठेवतात. तसं केलं असतं तर राखेच्या मिश्रणात पाणी कमी झालं असतं आणि ताकद वाढली असती. म्हणजे ही मर्यादाही त्याच दिशेला जाते. तिसरी मात्र उलट्या दिशेची आहे. क्यूब हौदात पूर्ण २८ दिवस बुडवून ठेवले होते. स्लॅबवर इतकं पाणी कोण मारतं? राखेची क्रिया सावकाश असल्याने क्युअरिंग लवकर थांबलं तर तिचं नुकसान जास्त होतं, त्यामुळे आपला २० टक्क्यांचा निकाल साइटपेक्षा उजळ दिसत असेल.

“३० टक्क्यांविषयीचा नकार २८ दिवसांच्या निकषापुरता आहे, ७ ते २८ दिवसांतील वाढ पाहता नंतरच्या वयाला चित्र बदलू शकते. सर्व मिश्रणांत पाणी सारखे ठेवल्याने राखेच्या मिश्रणांची ताकद समान स्लम्पच्या तुलनेत कमी दिसते. याउलट, पूर्ण २८ दिवस पाण्यात क्युअरिंग केल्याने साइटवरील ताकद येथील निकालांपेक्षा कमी असू शकते. प्रत्येक मिश्रणाचे तीनच क्यूब असल्याने १-२ एमपीएचे फरक ओळखता येत नाहीत. राख एकाच केंद्रातून एकदाच आणली होती. दुसऱ्या राखेला हे आकडे लागू धरू नयेत. टिकाऊपणा तपासलेला नाही.”

हे वाचून विद्यार्थी घाबरतात: “एवढं लिहिलं तर मार्क जातील.” माझा अनुभव उलटा आहे. परीक्षकाला यातल्या निम्म्या गोष्टी तक्ता बघताच दिसतात. तुम्ही आधी सांगितल्यात तर चर्चा पुढे जाते, नाही सांगितल्यात तर तुमची वीस मिनिटं तिथेच जातात. फक्त एक पथ्य पाळा: जी मर्यादा कोणत्याच निष्कर्षाला हात लावत नाही ती लिहू नका. एम४० केलं नाही ही मर्यादा नाही, कारण एम४० बद्दल तुम्ही काही म्हटलेलंच नाही.

आता पुढील काम आपोआप सुचतं. ‘इतर ग्रेड व इतर साहित्य वापरून अभ्यास करता येईल’ हे वाक्य कुठल्याही प्रबंधाला चिकटवता येतं, म्हणून ते निरुपयोगी आहे. अलीकडे नॅनो-सिलिका आणि जिओपॉलिमरही या जागी सर्रास दिसतात. त्यांचा या तक्त्याशी काय संबंध, असं विचारलं की मुलं गाइडकडे बघतात. त्याऐवजी:

“पहिला प्रश्न ३० टक्के मिश्रणाचा आहे. तेच मिश्रण ५६ व ९० दिवसांनी तपासावे, सरासरी ३१.६ च्या वर गेली, तर ज्या बांधकामात पूर्ण भार उशिरा येतो तेथे त्याचा विचार करता येईल. दुसरे, ५५ मिमी स्लम्प कायम ठेवून ३० टक्के मिश्रणातील पाणी कमी करावे व २८ दिवसांची ताकद पाहावी. तिसरे, २० टक्के मिश्रणाचे काही क्यूब ७ दिवसांनी हौदातून काढून हवेत ठेवावेत व पूर्ण क्युअरिंग केलेल्यांशी तुलना करावी. तुलनेसाठी प्रत्येक संचात तीनपेक्षा जास्त क्यूब घ्यावेत.”

पुढच्या वर्षीचा ग्रुप हा परिच्छेद वाचून सोमवारी कामाला लागू शकतो. कोणतं मिश्रण, काय बदलायचं, काय मोजायचं आणि कोणता आकडा आला तर आमचा निष्कर्ष बदलेल, हे सगळं त्यात आहे. तुमचा प्रबंध बहुधा इंग्रजीत असेल, पण हा विचार आधी आपल्या भाषेत करून बघा. ‘स्टडी’, ‘इन्व्हेस्टिगेट’, ‘एक्सप्लोर’ यांच्या आड लपायला इंग्रजीत फार सोपं जातं. मराठीत “म्हणजे नक्की काय करणार?” हा प्रश्न लगेच उभा राहतो.

एक काम उरतं आणि तेच बहुतेक जण विसरतात. निष्कर्ष बदलला की सारांशाकडे परत जा. ‘१० टक्के हे सर्वोत्तम प्रमाण’ हे वाक्य तिथेही बसलेलं असतं, शिवाय प्रेझेंटेशनच्या शेवटच्या स्लाइडवर ठळक अक्षरांत. परीक्षक ते तिथे वाचतील आणि पाचव्या प्रकरणात ‘क्रम लावलेला नाही’ असं वाचतील, तर व्हायवाला दोन्हींतलं तुमचं वाक्य कोणतं, हे तुम्हालाच सांगावं लागेल.